भाषा बदलताना

मिश्रभाषिक सभेत मराठीवरून हिंदीकडे वळताना शब्दांची फसगत संभवते. ग्रंथालयाच्या सभेत चिटणिसांच्या राजीनाम्यावर मराठीत चर्चा चालू असून एक सभासद हिंदीभाषी आहेत, असे समजू. हिंदीत ‘राजीनामा’ म्हणजे समेटाचा लेख. तेव्हा तंटा मिटला असे मानून ते आनंदाने संमती देतील. यास्तव अध्यक्षांनी इतरांची अनुमती घेऊन, झालेल्या चर्चेचे सार हिंदीत सांगावे व तेथे ‘इस्तीफ़ा’ हाच शब्द योजावा. ‘समजले ना?’ असे विचारल्यास संकोचाने होकारच मिळतो. त्याऐवजी ‘नवे चिटणीस कोण असावेत?’ असे हिंदीत विचारावे. उत्तरावरूनच आकलन कळते. ते उत्तर मराठीत सांगितल्यावर मगच मतदान घ्यावे.