शब्द बदलले, वाक्य तेच राहिले

रोजगार हमी योजनेवर पीएचडी करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा दिला, तेव्हा सोबत साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवालही जोडला होता. साम्य दहा टक्क्यांच्या बरेच आत होते. प्रकरण वाचताना एका शब्दापाशी मी अडलो. १९७२च्या दुष्काळी कामांवरच्या बायकांनी ‘वेतन’ स्वीकारले, असे तिने लिहिले होते. खडी फोडणाऱ्या बाईला वेतन नसते, मजुरी असते, हे या विषयात मुरलेल्या मुलीला माहीत नसेल असे नाही. मग हा शब्द आला कुठून? मी संदर्भातले पुस्तक काढून शेजारी ठेवले.

तो उतारा जसाच्या तसा इथे देत नाही. त्याच घडणीचा एक रचून देतो. समजा, मूळ लेखकाने असे लिहिले आहे: ‘सरकारने दुष्काळात कामे काढली ती लोकांना जगवण्यासाठी, पण त्या कामांवर आलेल्या अनेक बायकांनी प्रथमच स्वतःच्या नावावर मजुरी घेतली. त्यामुळे रोजगार हमीचा इतिहास हा केवळ दुष्काळ निवारणाचा नसून घरातल्या पैशावरच्या हक्काचाही आहे.’

आणि खर्ड्यात असे: ‘शासनाने अवर्षणात कामे सुरू केली ती जनतेला वाचवण्यासाठी; परंतु त्या कामांवर आलेल्या बहुसंख्य स्त्रियांनी पहिल्यांदाच आपल्या नावे वेतन स्वीकारले. म्हणून रोजगार हमीचा इतिहास हा फक्त दुष्काळ निवारणाचा नसून कुटुंबातील पैशावरील अधिकाराचाही आहे.’

‘सर, मी एकही वाक्य उचललेलं नाही. आणि परिच्छेदाच्या शेवटी संदर्भ दिलाय,’ ती म्हणाली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरीही हे वाङ्मयचौर्यात मोडते. सरकारचे शासन झाले, पणचे परंतु झाले. पण वाक्य कुठे वळते, विराम कुठे येतो, ‘केवळ हे नसून तेही’ ही शेवटची कलाटणी, सगळे मूळ लेखकाचे आहे. अवतरणचिन्हे नसल्यामुळे वाचक धरून चालतो की विचार त्या लेखकाचा असला तरी मांडणी हिची आहे. ती मांडणीच हिची नाही. शब्दांची अशी अदलाबदल करून मूळ सांगाडा तसाच ठेवण्याला पॅचरायटिंग म्हणतात. हा शब्द रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९०च्या दशकात रूढ केला. त्यांचे म्हणणे असे की, पुष्कळदा यामागे फसवणुकीचा हेतू नसतो. मजकूर पुरता पचलेला नसला की माणूस असे लिहितो. मला ते पटते. पण हेतू निर्मळ असला तरी छापलेला परिच्छेद बदलत नाही, आणि परीक्षकापुढे परिच्छेदच असतो.

शिवाय यात अर्थ बिघडतो. मजुरीचे वेतन झाले की कामाचे स्वरूपच बदलते. ‘अवर्षण’ म्हणजे पाऊस न पडणे, दुष्काळ त्याहून मोठी गोष्ट आहे. ‘अनेक’चे ‘बहुसंख्य’ झाले, तेव्हा तर मूळ लेखकाने कधीच न केलेला दावा त्याच्या नावावर चढला. समानार्थी शब्द बसवत गेले की अशा चुका होतातच, आणि जाणत्या वाचकाला संशय येतो तो याच ठिकाणी.

मी तिला पुस्तक मिटायला सांगितले. ‘ज्याने हे वाचलेलं नाही त्याला लेखकाचं म्हणणं सांग, आणि जे सांगशील ते लिही.’ थोड्या वेळाने तिने लिहिले: ‘दुष्काळी कामांकडे लेखक मदतकार्य म्हणून पाहत नाहीत. हजेरीपटावर स्वतःचे नाव आणि हातात स्वतःची मजुरी ही अनेक बायकांसाठी नवी गोष्ट होती, आणि योजनेचे खरे महत्त्व लेखकांना तिथे दिसते.’ हे पुनर्कथन बरेचसे जमले होते. विचार लेखकाचा, वाक्ये तिची. पण पुस्तक उघडून ताडून पाहिले तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. ‘मदतकार्य म्हणून पाहत नाहीत’ हे चूक होते; लेखक ‘केवळ’ मदतकार्य मानत नाहीत. आणि हजेरीपट मूळ उताऱ्यात नव्हताच. तो तिच्या मुलाखतींतून आला होता. चांगला तपशील होता, पण तो लेखकाच्या तोंडी घालणे हाही खोटेपणाच. तिने लेखकाचे म्हणणे त्याच्या नावाने सुरू केले, पृष्ठक्रमांक देऊन संपवले, आणि पुढच्या वाक्यात ‘माझ्या मुलाखतींत हजेरीपटाचा उल्लेख वारंवार आला’ असे स्वतःचे वेगळे लिहिले. आपल्या आणि दुसऱ्याच्या म्हणण्यातला बांध वाचकाला असा स्पष्ट दिसला पाहिजे. परिच्छेदाच्या टोकाला एकच संदर्भ टाकला तर तो शेवटच्या वाक्याचा की सगळ्या परिच्छेदाचा, हे कळायला मार्ग नसतो.

सारांशाचे काम निराळे. पुनर्कथनात एका मुद्द्याचे सगळे बारकावे राखायचे असतात, म्हणून लांबी साधारण मुळाइतकीच राहते. सारांशात अख्ख्या प्रकरणाचा गाभा दोन-तीन वाक्यांत येतो आणि उदाहरणे गळतात. संदर्भ तिथेही लागतोच. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य उचलून, थोडे बदलून एकापुढे एक लावले तर तो सारांश होत नाही, ते पुन्हा पॅचरायटिंगच.

हे सगळे त्या अहवालात का दिसले नाही? सॉफ्टवेअर शब्दांच्या सलग जुळण्या शोधते. शब्द बदलले की आकडा उतरतो, आणि प्रामाणिकपणे अवतरण दिले तर कधी कधी चढतोही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, साठपर्यंत वर्षभर थांबावे लागते आणि साठच्या वर नोंदणी रद्द होते. पण त्याच नियमांतल्या व्याख्येत दुसऱ्याचे काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून दाखवणे येते. कल्पना कुठल्याही टक्केवारीत मोजली जात नाही. सलग चौदा शब्द चालतात, असेही विद्यार्थी एकमेकांना सांगतात. ती सवलत सर्वज्ञात माहितीसाठी आणि योगायोगाने जुळणाऱ्या शब्दांसाठी आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७चा आहे, हे सांगायला संदर्भ नको. त्याने घरातला पैशाचा हक्क बदलला, हे कुणाचे तरी म्हणणे आहे. ते कितीही वेगळ्या शब्दांत लिहिले तरी त्याचे नाव हवे.

चुकीचे मूळ तिच्या टिपणवहीत निघाले. पुस्तकातली वाक्ये, तिने बदललेली वाक्ये आणि तिचे स्वतःचे विचार एकाच शाईत, खुणेविना लिहिलेले होते. वर्षभराने वही उघडल्यावर कुठले कुणाचे हे तिलाच ओळखता येईना, आणि पॅचरायटिंग तिथूनच प्रबंधात उतरले. प्रकरण नव्याने लिहिताना मुदतवाढ घ्यावी लागली. आता ती जसेच्या तसे घेतलेले वाक्य त्याच क्षणी अवतरणात टाकते, शेजारी पृष्ठक्रमांक लिहिते, आणि स्वतःचे म्हणणे समासात ठेवते.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक सांगायचे आहे. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणला की शब्द आपोआप सगळेच बदलतात, सॉफ्टवेअरही सहसा गप्प बसते, आणि लिहिणाऱ्याला वाटते की आता हे आपले झाले. वाक्यामागून वाक्य आणलेला मजकूर हा अनुवाद असतो. तो अवतरणात द्यावा आणि अनुवाद स्वतः केल्याची नोंद करावी. नाहीतर पुस्तक मिटून तोच मुद्दा पहिल्यापासून मराठीत मांडावा. ‘हजेरीपट’, ‘दुष्काळी काम’, कायद्याचे नाव असे शब्द मात्र बदलायच्या फंदात पडू नये. ते कुणा एका लेखकाचे नाहीत, आणि त्यांना पर्याय शोधत बसले की ‘वेतन’सारखी फसगत होते.