वरचे दहा मीटर

मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेल्याला घरचे पहिल्यांदा विचारतात, "किती खोल गेलात?" जितकं खोल तितका धोका, असं आपण धरूनच चालतो. पर्यटकांना नेतात ते उथळ पाण्यात, म्हणून मग निर्धास्त. कान आणि फुप्फुसं यांच्यापुरता तरी हा हिशेब चुकीचा आहे. पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो. समुद्रात 10 मीटर खाली तो दोन होतो आणि 20 मीटरवर तीन. म्हणजे पहिल्या 10 मीटरांत दाब दुप्पट होतो आणि बंदिस्त हवेचं आकारमान निम्म्यावर येतं. पुढच्या 10 मीटरांत ते निम्म्यावरून एक तृतीयांशावर जातं, एवढंच. सगळ्यात मोठी उलथापालथ होते ती वरच्या थरात, जिथे हौशी माणूस असतो.

हे मी कोर्स करताना शिकले होते. पण त्याचा अर्थ डोळ्यांसमोर उलगडला तो धाकट्या दिरामुळे. एका डिसेंबरात आम्ही सगळे मालवणला गेलो होतो. भावजींना सर्दी होती. "आता उतरलीय" म्हणून त्यांनी सकाळी नाक मोकळं करायची गोळी घेतली आणि फॉर्मवर सर्दीच्या रकान्यापुढे "नाही" लिहिलं. होडीवर घाईघाईत पाच मिनिटांची माहिती झाली आणि एकेक जण प्रशिक्षकाबरोबर शिडीवरून पाण्यात उतरला. मी त्यांच्या मागोमाग दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर होते.

आता कानाचं समजून घ्यायला हवं. पडद्यामागे, मध्यकर्णात, थोडी हवा असते. तिथून एक बारीक नळी घशाच्या मागच्या बाजूला उघडते. आंबोली घाट उतरताना दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ती हीच नळी. पाण्यात उतरताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो. नळीतून आत हवा सोडली की तो पुन्हा जागेवर येतो. त्यासाठी मास्कवरूनच नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटलेलं ठेवायचं आणि नाक शिंकरल्यासारखी पण अगदी हलकी फुंकर मारायची. दोन्ही कानांत 'टक्' होतं. पोहायच्या गॉगलने डुबकी मारू देत नाहीत, त्याचं हेही एक कारण: नाक हाताशी हवं. (दुसरं असं की मास्कच्या आतली हवाही आकसते, ती नाकाने थोडा श्वास सोडून भरून काढावी लागते. गॉगलमध्ये ते जमत नाही आणि डोळे लालभडक होतात.) कानात बोळे तर अजिबात घालू नयेत.

गोम वेळेची आहे. हे दुखायच्या आधी करायचं. पाण्याबाहेर एकदा, डोकं बुडताक्षणी एकदा आणि मग सुरुवातीला दर अर्ध्या मीटरला. मीटरभर तसंच खाली गेलं की दाबाने नळीचं तोंडच चिमटलं जातं. मग कितीही जोर लावा, ती उघडत नाही. उलट जोरात फुंकल्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते. अशा वेळी मीटरभर वर यायचं, पुन्हा हलकी फुंकर मारून बघायची. सुटलं तर पुढे, नाही तर त्या दिवशीचं डायव्हिंग संपलं. पाय खाली ठेवून, दोराला धरून सावकाश उतरणाऱ्याला हे सोपं जातं. सर्दीत नळी सुजलेली असते, म्हणून सर्दीत जायचंच नाही. गोळीने ती तात्पुरती उघडते खरी, पण पाण्यातच गोळीचा असर उतरला तर वर येताना हवा आत अडकते आणि कान आतून दुखतो.

भावजी पाचेक मीटरवर होते. मध्येच त्यांनी कानाशी हात नेला, पण प्रशिक्षकाकडे बघून खूण काही केली नाही. (पंजा आडवा धरून डुगडुगवायचा आणि कान दाखवायचा, ही 'गडबड आहे'ची खूण. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. नवख्यांचा इथेच घोळ होतो.) नंतर त्यांनी सांगितलं की कळ मस्तकात गेली आणि एकदम थांबली. त्यांना वाटलं, सुटला दडा. प्रत्यक्षात पडदा फाटला होता. थंड पाणी मध्यकर्णात शिरलं आणि तोल सांभाळणारा आतला कान गोंधळला. सगळं गरगरायला लागलं, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. असं झालं तर खडक किंवा जोडीदार घट्ट धरून श्वास घेत राहायचं. आतलं पाणी अंगाइतकं कोमट झालं की मिनिटभरात चक्कर ओसरते.

पण हे त्या क्षणी कोणाला आठवणार? भावजींनी छातीत दम भरला आणि वर जायला पाय झाडले. आणि मला दिसलं की त्यांच्या तोंडातून बुडबुडे येत नव्हते.

टाकीतली हवा रेग्युलेटर भोवतालच्या दाबाने देतो. पाच मीटरवर दाब दीड वातावरण. तिथे छातीत 5 लीटर हवा भरून घेतली आणि घसा बंद ठेवून वर आलं, तर पृष्ठभागावर तिला साडेसात लीटर जागा हवी. फुप्फुसं एवढी ताणत नाहीत. हवा बारीक पिशव्या फाडून छातीच्या पोकळीत शिरते, मानेच्या कातडीखाली जाते किंवा रक्तात शिरून थेट मेंदूकडे जाते. याला पाच मीटरसुद्धा लागत नाहीत. छाती पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम सव्वा मीटरही पुरतो, अगदी पोहण्याच्या तलावातसुद्धा. आणि फुप्फुसं कानासारखी आधी दुखून इशारा देत नाहीत.

प्रशिक्षकाने भावजींचं जॅकेट खाली खेचून धरलं, दुसरा हात छातीवर दाबला आणि स्वतःच्या ओठांपुढे बोटं नेऊन 'सोड, सोड' अशी खूण केली. बुडबुड्यांचा लोट आला तेव्हा कुठे तो त्यांना सावकाश वर घेऊन गेला. स्कूबामध्ये श्वास कधीच रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी 'आऽऽ' म्हणत बारीक बुडबुडे सोडत राहायचं, आणि वर येताना आपल्याच सगळ्यात लहान बुडबुड्यांपेक्षा वेगाने यायचं नाही.

होडीवर मी पंधरा-वीस मिनिटं त्यांच्याकडे बघत बसले. छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, आवाज बदलणं, जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं: असलं काही झालं तर ते बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच दिसतं. तेव्हा माणसाला सपाट झोपवून शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा आणि रुग्णालयात पहिलं वाक्य हे बोलायचं की यांनी पाण्याखाली टाकीतली हवा घेतली आहे, कारण मग उपचार दाबाच्या चेंबरमध्ये करावे लागतात. भावजींचं फक्त कानावर निभावलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान कोरडा ठेवायला सांगितला, मनाने थेंब घालायला मनाई केली. पडदा काही आठवड्यांत आपोआप भरून आला.

स्नॉर्कलिंगवाल्यांनी मात्र हा श्वास सोडायचा नियम जसाच्या तसा उचलू नये. त्यांनी छातीत भरलेली हवा पृष्ठभागावरची असते. खाली आकसते, वर आली की पूर्वीएवढीच होते. त्यांना जपायचं ते दोन गोष्टींना. डुबकीआधी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यायची निकड जाणवत नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. आणि खाली कोणी स्कूबावाला मित्र गमतीने आपला जादा रेग्युलेटर पुढे करील, त्यातून एक घोटही घेऊ नये. तो घेतला की तुमच्या छातीतही टाकीतली हवा आली. कानांचे नियम दोघांना सारखेच.

होडीत चढण्याआधी मी आता दोनच गोष्टी विचारते: ऑक्सिजनचं सिलिंडर होडीवर आहे का, आणि एका प्रशिक्षकाकडे किती माणसं देता? सिलिंडर किनाऱ्यावरच्या ऑफिसात आहे असं उत्तर आलं, तर आम्ही सिंधुदुर्ग किल्ला बघून परत येतो.