आठशे शब्दांतून एक मिनिट

प्रश्न : चाकणच्या वाहतूक कोंडीवरील माझ्या ८०० शब्दांच्या लेखाचा मिनिटभराचा व्हिडिओ कसा करावा?

उत्तर : मिनिटात निवेदनाचे साधारण सव्वाशे शब्दच नीट ऐकू येतात. म्हणून सगळा लेख आटवत बसू नका, एकच मुद्दा उचला : तळेगाव चौकात पुणे-नाशिक महामार्गाला तळेगाव-शिक्रापूर रस्ता छेदतो. पहिल्या दृश्यात गच्चीवरून टिपलेला चौक, नुसते हॉर्न. दुसऱ्यात वळणावर अडकलेला कंटेनर, मागे कामगारांची बस. इथे निवेदनाने कारण सांगावे, कोंडी तर दिसतेच आहे. तिसऱ्यात दोन्ही रस्त्यांचा नकाशा. इतके गाळल्याने युक्तिवाद पातळ होतो, हा आक्षेप खरा. पण आकडे बोलण्याऐवजी पडद्यावर लिहिले तर युक्तिवाद बराचसा टिकतो. ज्या वाक्याला दृश्यच सापडत नाही, ते खुशाल लेखातच राहू द्या.