पाठीखालची थंडी

फेब्रुवारीत हरिश्चंद्रगडावर तंबूत दोन-दोन ब्लँकेट घेऊनही आम्ही रात्रभर कुडकुडलो. हीट ट्रान्सफरचा तास तिथे आठवला नाही! ऊब धरते ती पांघरुणात अडकलेली हवा. अंगाखाली ती दबून निघून जाते आणि उष्णता सरळ जमिनीत जाते. खांदा आणि कंबर गार पडली, तर दोष वरच्या पांघरुणाचा नाही, पातळ चटईचा. दुसऱ्या रात्री चटईखाली वाळलेल्या गवताचा जाड थर आणि कंबरेखाली रिकामी सॅक घातली. एकच ब्लँकेट पुरलं.

झोप मात्र मोडलीच. टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर सोडल्यासारखं ‘टक्... टक्... टक्-टक्-टर्र’ बाहेर चालू होतं. टॉर्च घेऊन दोघे उठलेही. तो रातवा पक्षी होता.