ढांगा टाकू नकोस

अगं, जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीत कळ येते म्हणून लगेच नवे बूट घ्यायला निघू नकोस. आधी तुझं पाऊल कुठे पडतं ते बघ. पळताना कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांग आणि पाय टेकतो त्या क्षणी चित्र थांबव. टाच कमरेच्या बरीच पुढे आणि गुडघा जवळजवळ ताठ दिसला, तर तू ढांगा टाकतेस. अशा प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लागतो आणि तो सोसते वाटी.

त्यावर उपाय म्हणजे पावलं जरा भरभर टाकायची, पण वेग तोच ठेवून. नेहमीच्या वेगात उजवा पाय अर्धा मिनिट मोज आणि चारने गुण. समज, ४० भरले, म्हणजे मिनिटाला १६० पावलं. तू किलोमीटरला ७ मिनिटं घेतेस, तेव्हा एक पाऊल साधारण ८९ सेंटिमीटरचं. ५ टक्के वाढवून १६८ केलीस की तेच ८५ वर येतं. चार सेंटिमीटर, जेमतेम दोन बोटं! एवढ्यानेच पाय अंगाखाली पडायला लागतो आणि गुडघा टेकतानाच किंचित वाकलेला राहतो. किलोमीटरमागे ५६ पावलं जास्त पडतात खरी, पण दर पावलाचा भार हलका होतो.

मोबाइलवर मेट्रोनोम १६८ वर लाव. सुरुवातीला एक मिनिट ठेक्यावर, मग दोन-तीन मिनिटं आपलं आपण. आणि घड्याळावर लक्ष ठेव, कारण बहुतेक जण ठेका पकडताना वेगही वाढवतात. मग पाऊल काही आखूड होत नाही, दम तेवढा लागतो.

कुणी १८० चा आकडा सांगेल. तो प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या ऑलिंपिकमधले धावपटू पाहून पुढे आणला. त्यांचा वेग कुठे, आपला कुठे! शिवाय उंच माणसाची पावलं कमीच पडतात. आपल्या आकड्यावर ५ टक्के, फार तर १०, बास.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात ५ टक्के वाढीने गुडघ्याला पेलावी लागणारी ऊर्जा सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. पण त्यातले धावपटू सगळे निरोगी होते आणि ट्रेडमिलवर पळत होते, म्हणून हा दुखणं जाण्याचा वायदा समजू नकोस. पोटऱ्या भरून आल्या किंवा टाचेमागची शीर सकाळी आखडली, तर पुढचे काही दिवस पळणं कमी कर. पंजावर पळायचा हट्ट नको, कारण त्याने पोटऱ्यांवरचा आणि त्या शिरेवरचा भार आणखी वाढतो.

आणि गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर मेट्रोनोम बंद कर आणि हाडांच्या डॉक्टरांची वेळ घे.