पाहुण्यांची ओळख : कागदावरची आणि माईकवरची

ताई, मेळाव्याचं सूत्रसंचालन तुमच्याकडे आलं की पाहुण्यांचा परिचय एका कागदावर हातात येतो. तो जसाच्या तसा वाचला की मध्येच दम लागतो, कारण तो डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेला असतो.

समजा, आपल्या बियाणे मेळाव्याला बीजमाता राहीबाई पोपेरे येणार आहेत. कागदावर असं असेल :

"श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे, मु. कोंभाळणे, ता. अकोले, जि. अहिल्यानगर, गावरान बियाण्यांचे संकलन व संवर्धन, बीबीसीच्या १०० महिलांच्या यादीत समावेश (२०१८), पद्मश्री (२०२०)."

हे एकच वाक्य आहे आणि त्याला क्रियापदच नाही. 'मु.', 'ता.' ही अक्षरं मोठ्याने वाचली तर ऐकायला विचित्र वाटतात. आता असं करा.

आधी आजचा विषय धरा. विषय बियाण्यांचा आहे, म्हणून बियाण्यांचं काम पुढे घ्या. पुरस्कार एक-दोनच ठेवा. बाकीचे खोटे नाहीत, पण ऐकणारीच्या लक्षात राहत नाहीत.

मग एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. जिथे थांबायचं तिथे तिरकी रेघ मारा.

नाव शेवटी ठेवा. नाव घेतलं की टाळ्या वाजतात, त्यानंतरचं काही ऐकू येत नाही.

तयार झालेली ओळख अशी :

"आजच्या पाहुण्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या आहेत. / आपल्या आजीच्या कणगीत असायचं, तसं गावरान बी त्यांनी गोळा केलं. / ते जपलं, वाढवलं आणि इतर शेतकऱ्यांनाही दिलं. / म्हणून लोक त्यांना बीजमाता म्हणतात. / दोन हजार वीस साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. / आपल्याशी बोलायला येत आहेत, / राहीबाई पोपेरे!"

साल अक्षरात लिहिलंय, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही. बियाणं कसं साठवायचं हे मात्र यात नाही. ते त्या स्वतः सांगणार, आपण आधीच सांगून टाकायचं नाही.

आता उभं राहून मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. ही ओळख अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. मोठ्या कार्यक्रमातही एक मिनिट पुरे. दोनदा वाचूनही एकाच शब्दावर अडखळलात, तर चूक तुमची नाही, शब्द बदला. 'संवर्धन' जड जात होतं, म्हणून वर 'जपलं, वाढवलं' केलं.

शेवटी कार्यक्रमाआधी पाहुण्यांना वाचून दाखवा. नाव, गाव बरोबर आहे का, विचारा. शिक्षण, घरची परिस्थिती, दुःखाचे प्रसंग खरे असले तरी त्यांची परवानगी असेल तरच स्टेजवर सांगा. आपली ओळख कशी व्हावी, हे त्यांनीच ठरवायचं.