‘दुसरी चावी इतकी नवी कशी?’

विमा कंपनीच्या तपासनिसाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझी दुचाकी पुण्यात आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमधून गेली, पण त्याचा आविर्भाव असा की चोर मीच. दुसरी चावी कपाटात पडून असते, म्हणून नवी दिसते. हे सांगावं लागलं!

दोन्ही मूळ चाव्या जपा. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी त्या मागतेच. एखादी हरवली, तर तेव्हाच पोलिसांत नोंद करून कागद ठेवा.

कॅमेऱ्यात सगळं दिसतं. एकाने हँडलला पाय लावून झटका दिला, लॉक तुटलं. दुसऱ्याने वायर जोडून गाडी डायरेक्ट सुरू केली. वॉचमन खुर्चीत. हँडल लॉकचा जोर एवढाच. डिस्क लॉक लावलं तर गाडी ढकलत नेता येत नाही, पण दोघंजण ती उचलून टेम्पोत घालू शकतात. म्हणून जाड साखळी चाकातून घालून खांबाला किंवा ग्रिलला बांधावी, आणि ती जमिनीला टेकू देऊ नये. जमिनीवर ठेवून हातोड्याने कुलूप फोडणं सोपं जातं. रस्त्यावर लावणाऱ्यांनी तर हे रोज करावं.

शेजाऱ्यांनी ट्रॅकर बसवलाय. गाडीची बॅटरी तोडली की साधा ट्रॅकर मुका होतो. स्वतःची बॅटरी असलेला आणि वायर तुटताच मोबाईलवर इशारा देणारा घ्या. बेसमेंटमध्ये मात्र तोही चाचपडतो. सिमचं रिचार्ज संपलं, तर नुसता डबा.

पोलीस चौकीत म्हणाले, ‘अर्ज देऊन जा, मित्राने नेली असेल, दोन-चार दिवस बघा.’ मी हललो नाही. त्याच दिवशी एफआयआर घेऊनच उठलो, आणि तोच कागद पुढे कामी आला. शोधाशोधीत कंपनीला कळवायला थोडे दिवस गेले, एवढ्यावरून त्यांनी क्लेम फेटाळला. अट मोडली म्हणे! सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की एफआयआर लगेच नोंदवला असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. हे मी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. मग सूर बदलला. तरीही तुम्ही त्याच दिवशी ईमेल करा, वाद कशाला.

पुढचा अडसर ‘अ समरी’चा. गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा पोलिसांचा अहवाल न्यायालयाने मंजूर केल्याची प्रत कंपनी मागते. ती आपोआप येत नाही, चौकीच्या फेऱ्या माराव्याच लागतात.

आणि हो, नव्या दुचाकीबरोबर मिळणारा पाच वर्षांचा विमा हा थर्ड पार्टीचा असतो. त्यात चोरी येत नाही. चोरीचं संरक्षण देणारा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. त्याची तारीख बघा, शोरूमवाले सांगत नाहीत.

कंपनीने लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही.